टक्का कशावरचा? फूड कॉस्टच्या एका गणिताचं प्रकरण

## पार्श्वभूमी

हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचं हे प्रकरण आहे. तिची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि हिशोब सहज डोळ्यांसमोर राहावा म्हणून आकडे सुटसुटीत करून घेतले आहेत. चुका मात्र तिने केल्या तशाच ठेवल्या आहेत.

प्रॅक्टिकलमध्ये तिचा हात चांगला होता. मासा साफ करून फिले काढताना ती हाडाला मांस चिकटू देत नसे आणि पोर्शन काट्यावर तोलूनच ताटात जात असे. लेखी परीक्षेत फूड कॉस्टचा, म्हणजे पदार्थाच्या कच्च्या मालाच्या खर्चाचा, प्रश्न आला की मात्र गुण जायचे. सूत्रं तिला पाठ होती, विचारली की घडाघडा सांगायची. म्हणून सराव परीक्षेतला तिचा एक पेपर घेऊन आम्ही दोघी बसलो.

## प्रश्न काय होता

प्रश्न दोन भागांत होता.

पहिला भाग असा: ५ किलोचा अख्खा मासा ३६० रुपये किलो दराने घेतला. साफ करून फिले काढताना खरेदीच्या वजनाच्या ४० टक्के घट झाली. डोकं आणि हाडं सूपच्या स्टॉकसाठी वापरली, त्यांची किंमत ९० रुपये धरावी. एका पोर्शनला २०० ग्रॅम कच्चं फिले लागतं. सॉस, भाजी आणि सजावट मिळून पोर्शनमागे २६ रुपये खर्च येतो. फूड कॉस्ट ३५ टक्के ठेवायची आहे. मेन्यूवरची किंमत १० टक्के कर धरून काढा.

दुसरा भाग त्याच रेस्टॉरंटच्या महिन्याच्या हिशोबाचा होता. ओपनिंग स्टॉक ४२,०००, खरेदी १,८५,०००, क्लोजिंग स्टॉक ३७,००० आणि स्टाफ मीलचा खर्च १०,००० रुपये. करासह विक्री ५,५०,००० रुपये. प्रत्यक्ष फूड कॉस्ट टक्केवारी काढा आणि ठरवलेल्या ३५ टक्क्यांशी तुलना करा.

## उत्तरपत्रिकेत काय झालं होतं

तिने ३६० चा दर घेऊन २०० ग्रॅमचे ७२ रुपये धरले. त्यात २६ मिळवून पोर्शनची कॉस्ट ९८ रुपये आली. ९८ वर ३५ टक्के चढवून १३२.३० रुपये विक्री किंमत काढली, आणि तिच्यावर १० टक्के कर लावून १४५.५३ रुपये हे उत्तर अधोरेखित केलं.

दुसऱ्या भागात वापरलेल्या मालाचा हिशोब तिने बरोबर केला होता. ४२,००० आणि १,८५,००० ची बेरीज करून ३७,००० वजा केले, मग स्टाफ मीलचे १०,००० वजा केले. उरले १,८०,००० रुपये. शेवटी त्यांना ५,५०,००० ने भागून उत्तर लिहिलं ३२.७३ टक्के, आणि खाली शेरा मारला: ‘प्रत्यक्ष फूड कॉस्ट ठरवलेल्यापेक्षा कमी आहे, किचनचं काम समाधानकारक.’

गुणाकार-भागाकार सगळे अचूक होते, त्यामुळे पेपर नुसता चाळणाऱ्याला यात वावगं दिसलं नसतं. चूक एकच होती आणि ती तीन ठिकाणी झाली होती. प्रश्नातला प्रत्येक टक्का कुठल्या तरी १०० वर उभा असतो, आणि तिने तो एकतर विचारातच घेतला नव्हता किंवा हाताशी असलेल्या आकड्यावर उभा केला होता. ४० टक्के घट खरेदीच्या वजनावरची आहे, ३५ टक्के फूड कॉस्ट कर वगळून राहिलेल्या विक्री किमतीवरची आहे, आणि १० टक्के कर त्याच किमतीवर चढतो. एकाच गणितात दोन वेगळे शंभर आहेत, पण तिच्या कागदावर ते कुठेच लिहिलेले नव्हते.

## कोणते मार्ग समोर होते

पहिला मार्ग सूत्रांचा. कॉस्ट भागिले टक्का म्हणजे किंमत, किंमत गुणिले टक्का म्हणजे कॉस्ट, कॉस्ट भागिले किंमत गुणिले १०० म्हणजे टक्का. ही तिन्ही तिला येत होती. अडलं होतं ते सूत्राच्या आधी, कुठला आकडा ‘कॉस्ट’ आणि कुठला ‘किंमत’ म्हणून घ्यायचा तिथे. तीच सूत्रं पुन्हा घोकून काही हाती लागणार नव्हतं.

दुसरा मार्ग गुणकाचा. फूड कॉस्ट ३५ टक्के हवी असेल तर १०० भागिले ३५ म्हणजे २.८५७ हा गुणक येतो, आणि कॉस्टला त्याने गुणलं की विक्री किंमत मिळते. किचनमध्ये भरभर किंमती काढायला ही पद्धत सोयीची आहे. परीक्षेत तिचे दोन तोटे होतात. गुणक ढोबळ धरला की उत्तर सरकतं: १४० रुपयांच्या कॉस्टला २.८५७ ऐवजी ३ ने गुणलं तर ४०० चे ४२० होतात. दुसरं, प्रश्नाने भाषा बदलली की गुणकाचा आधार सुटतो. ‘विक्रीवर ६५ टक्के ग्रॉस प्रॉफिट’ म्हणजे ३५ टक्के फूड कॉस्टच, आणि किंमत येते ४००. पण ‘कॉस्टवर ६५ टक्के नफा’ असं विचारलं तर १४० गुणिले १.६५ म्हणजे २३१ रुपये, आणि त्या किमतीला फूड कॉस्ट ६०.६ टक्के पडते. फरक फक्त ‘विक्रीवर’ आणि ‘कॉस्टवर’ या शब्दांचा, आणि किमतीत १६९ रुपयांची तफावत.

तिसरा मार्ग असा, की गणिताला हात लावण्याआधी प्रश्नातल्या प्रत्येक टक्क्यासमोर ‘कशाचे १००’ ते लिहायचं, आणि उत्तर आल्यावर ते उलट्या दिशेने तपासायचं. यात दोन-तीन मिनिटं जास्त जातात, आणि वेळ अपुरा पडतो ही तिची तक्रार आधीपासूनच होती. तरी मी हाच मार्ग निवडला, कारण तिन्ही चुकांचं मूळ त्या न लिहिलेल्या शंभरात होतं.

## काय केलं

पहिला निर्णय होता तो सुरुवात कुठून करायची याचा. योग्य उत्तर आधी दाखवावं, की तिचंच उत्तर तिला तपासायला लावावं? मी दुसरं केलं. म्हटलं, तुझी किंमत १३२.३० आणि तुझी कॉस्ट ९८. आता टक्का काढ.

तिने भागाकार केला. ‘मॅडम, चौऱ्याहत्तर येतात. पस्तीस यायला हवे होते ना?’

कॉस्टवर ३५ टक्के चढवले की कॉस्ट हाच १०० होतो आणि किंमत होते १३५. फूड कॉस्टच्या व्याख्येत किंमत हा १०० असतो आणि कॉस्ट त्यातला ३५ चा हिस्सा भरते. म्हणजे पुढे चढवण्याऐवजी मागे जाऊन तो १०० शोधायचा असतो, आणि म्हणून ०.३५ ने भागायचं. ९८ भागिले ०.३५ म्हणजे २८० हे तिने लगेच काढलं, उलटं तपासलं, ३५ टक्के आले. तिला वाटलं गणित सुटलं.

इथे दुसरा निर्णयाचा टप्पा होता. ही उलट तपासणी स्वतःच्या कॉस्टशीच केलेली असते, त्यामुळे मुळात कॉस्टच चुकली असेल तर ती पकडत नाही. २८० हे उत्तर तपासणीत बिनचूक ठरतं आणि तरीही ते चूक आहे. पुष्कळ विद्यार्थी इथेच पेन खाली ठेवतात.

म्हणून तिला अख्ख्या माशाचा हिशोब मांडायला सांगितला. ५ किलोतून ४० टक्के गेले, उरलं ३ किलो फिले. २०० ग्रॅमचे पोर्शन किती? पंधरा. एका पोर्शनच्या माशाला तिने ७२ रुपये लावले होते, म्हणजे पंधरा पोर्शनचे १,०८०. मासळीवाल्याला दिले १,८००. मधले ७२० कुठे गेले?

ती काही क्षण कागदाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, ‘हाडं, डोकं, कातडी... त्यांचेपण आपण ३६० नेच दिलेत.’ रोज हाताने जे करत होती ते तिला पहिल्यांदा आकड्यांत दिसलं. कचऱ्यात गेलेल्या वजनाचे पैसे उरलेल्या फिलेनेच सोसायचे असतात.

मग तिने ३६० वर ४० टक्के चढवून ५०४ रुपये किलो असा दर काढला. तीच चूक, फक्त जागा बदललेली. पण या वेळी तपासायचं कसं ते तिला ठाऊक होतं: ५०४ गुणिले ३ किलो म्हणजे १,५१२, आणि दिलेत १,८००. जमत नाही. घट खरेदीच्या वजनावरची असल्यामुळे खरेदीचं वजन १०० आणि हाती आलेलं ६०. म्हणून ३६० भागिले ०.६, म्हणजे ६०० रुपये किलो. ६०० गुणिले ३ बरोबर १,८००. आता पैसे पूर्ण वसूल होतात.

राहिला डोक्या-हाडांचा प्रश्न. त्यांचे ९० रुपये स्टॉकच्या खात्यावर जातात, म्हणून फिलेच्या वाट्याला १,८०० वजा ९० म्हणजे १,७१० रुपये येतात. ३ किलोने भागले की ५७० रुपये किलो. हे ९० रुपये किलोच्या दरातून किंवा एका पोर्शनच्या कॉस्टमधून वजा करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. ते अख्ख्या माशाचे पैसे आहेत, म्हणून वजाबाकी अख्ख्या खर्चातूनच व्हायला हवी.

पुढचं गणित तिने एकटीने पूर्ण केलं. २०० ग्रॅमचे ११४ रुपये, वरचे २६, पोर्शनची कॉस्ट १४०. १४० भागिले ०.३५ म्हणजे ४०० रुपये विक्री किंमत. करासह मेन्यूवर ४४०. मग मी न सांगता तिने तपासणी लिहिली: पंधरा पोर्शनचा माल १,७१० अधिक ३९०, एकूण २,१००. कर वगळून विक्री ६,०००. टक्का ३५.

उत्तरपत्रिकेतली १३२.३० ही किंमत तिने पुन्हा पाहिली. खरी कॉस्ट १४० असताना त्या किमतीला प्रत्येक ताट ७ रुपये ७० पैशांच्या तोट्यात गेलं असतं, आणि यात पगार, गॅस, भाडं काहीच धरलेलं नाही. विक्री किंमत कच्च्या मालाच्या खऱ्या कॉस्टपेक्षाही कमी येते आहे का, एवढी एक नजर टाकली असती तरी उत्तर थांबवता आलं असतं.

## महिन्याच्या हिशोबातली गडबड

दुसऱ्या भागातली चूक मला पहिलीपेक्षा जास्त गंभीर वाटते, कारण तिथे निष्कर्षच उलटा झाला होता.

विक्री ५,५०,००० करासह होती. ग्राहकाने दिलेले ते पैसे सगळे रेस्टॉरंटचे नसतात, कराचा हिस्सा फक्त गोळा करून पुढे भरायचा असतो. कर वगळलेली विक्री १००, कर १०, मिळून ११०. म्हणून ५,५०,००० भागिले १.१, म्हणजे ५,००,०००. इथे बरेच जण ५,५०,००० मधून सरळ १० टक्के वजा करतात आणि ४,९५,००० काढतात. फरक बारीक दिसतो, पण १,८०,००० ला ४,९५,००० ने भागल्यावर ३६.३६ टक्के येतात आणि पेपर तपासणारा नेमकी हीच चूक शोधत असतो.

बरोबर उत्तर ३६ टक्के. म्हणजे ठरवलेल्यापेक्षा एक टक्का जास्त, आणि ५ लाखांच्या विक्रीवर हा एक टक्का ५,००० रुपयांचा आहे. तिच्या ३२.७३ टक्क्यांनी किचनला शाबासकी दिली होती. प्रत्यक्षात त्या महिन्यात पोर्शन मोठे जात होते का, माल वाया जात होता का, खरेदीचा दर वाढला होता का, हे शोधायला हवं होतं. परीक्षेतल्या तुलनेच्या गुणांसाठीही हेच लिहायचं असतं. नुसतं ‘जास्त आहे’ म्हणून थांबलं तर अर्धेच गुण पदरात पडतात.

स्टाफ मीलबद्दल तिने एक रास्त प्रश्न विचारला. ‘तेपण अन्नच आहे ना, मग वजा का?’ ते अन्न विकलेलं नाही, त्याच्यासमोर विक्रीचा आकडा नाही. म्हणून ते अन्नाच्या कॉस्टमधून काढून कर्मचाऱ्यांच्या खर्चात दाखवतात. वजा केलं नसतं तर १,९०,००० धरून ३८ टक्के आले असते आणि विकलेल्या पदार्थांवर न झालेला खर्च त्यांच्या माथी बसला असता. स्टाफ मीलचा आकडा प्रश्नात दिला असेल तर तो वजा करण्यासाठीच दिलेला असतो. दिलेला नसेल तर मनाने धरू नये.

## निकाल

पुढचे काही आठवडे तिने प्रत्येक गणिताच्या डाव्या समासात टक्के आणि त्यांचे शंभर लिहायची सवय लावून घेतली. सुरुवातीला तिचा वेग घटला आणि एका चाचणीत शेवटचा उपप्रश्न सुटायचा राहिला. मग समासातली नोंद आपोआप आखूड होत गेली.

अंतिम परीक्षेत प्रश्न उलटा आला. मेन्यूवरची किंमत करासह ५५० रुपये, कर १० टक्के, फूड कॉस्ट ३० टक्के, इतर साहित्य ४५ रुपये. पोर्शन १५० ग्रॅम शिजलेल्या मांसाचा, शिजवताना २५ टक्के घट, साफ करताना ३० टक्के घट. खरेदीचा दर जास्तीत जास्त किती असावा?

तिने मागे मागे जात सोडवला. कर काढून ५००, त्याचे ३० टक्के १५०, त्यातून ४५ वजा करून मांसासाठी १०५ रुपये. मग दोन घटी. त्यांची बेरीज करून ५५ टक्के धरण्याचा मोह तिथे असतोच. पण साफ करतानाची घट खरेदीच्या वजनावरची आहे आणि शिजवतानाची साफ केलेल्या वजनावरची, म्हणून शंभर दोन आहेत. १५० ग्रॅम शिजलेल्यासाठी ०.७५ ने भागून २०० ग्रॅम साफ केलेलं मांस लागतं. १०५ रुपयांत २०० ग्रॅम म्हणजे किलोला ५२५. साफ करण्यात ७० टक्केच हाती येतं, म्हणून खरेदीचा दर ५२५ गुणिले ०.७, म्हणजे ३६७.५० रुपये.

पद्धत पूर्ण बरोबर होती. शेवटच्या ओळीत तिने उत्तर ३७० रुपये असं पूर्णांकात लिहिलं आणि तिथे गुण कापले गेले. ३७० ने घेतलं तर मांसाचे १०५.७१ रुपये होतात, एकूण कॉस्ट १५०.७१ आणि टक्का ३०.१४. म्हणजे मर्यादा ओलांडली.

## वेगळं काय करता आलं असतं

पूर्णांक करण्याची दिशा आमच्या सरावात कधी स्वतंत्रपणे पुढे आली नव्हती, कारण पहिल्या गणितात ४०० नेमके आले होते. सरावाला एखादं न जुळणारं गणित घेतलं असतं तर हा मुद्दा आधीच निघाला असता. विक्री किंमत पूर्ण करताना वर न्यायची, नाहीतर टक्का वाढतो. खरेदीच्या दराची कमाल मर्यादा पूर्ण करताना खाली आणायची, म्हणजे इथे ३६७. प्रश्नात पूर्णांक मागितलेला नसेल तर ३६७.५० हेच ठेवावं.

क्रमाबद्दलही माझं मत आता वेगळं आहे. वर्गात आधी पोर्शनची कॉस्ट आणि मग महिन्याचा हिशोब शिकवला जातो. अख्ख्या माशाच्या १,८०० रुपयांचा जमाखर्च तिला एका झटक्यात समजला, पोर्शनच्या ७२ रुपयांत तो दडला होता. एका संपूर्ण खरेदीचा हिशोब आधी मांडून मग पोर्शनकडे यावं, म्हणजे ‘घट कोण सोसतं’ हा प्रश्न सूत्राच्या आधी पडतो.

प्रश्न काढणाऱ्यांकडूनही एक अपेक्षा आहे. ‘विक्री ५,५०,०००’ एवढंच लिहून कर आत आहे की बाहेर हे मोघम ठेवलेले प्रश्न येतात. अशा वेळी विद्यार्थ्याने ‘विक्री कर वगळून धरली आहे’ किंवा ‘करासह धरली आहे’ अशी एक ओळ पहिल्या पायरीच्या वर लिहावी आणि तेच गृहीतक शेवटपर्यंत पाळावं. उत्तर परीक्षकाच्या उत्तराशी जुळलं नाही तरी पद्धतीचे गुण मागता येतात, कारण कुठला आकडा १०० धरला ते कागदावर असतं.